फोन इथे, लॅपटॉप इथे, मग फाइल कुठे फिरते?

फोन आणि लॅपटॉप एकाच टेबलावर आहेत. दोन्ही घरच्या वायफायला जोडलेले आहेत. तरी फोनमधला २ जीबीचा व्हिडिओ लॅपटॉपवर यायला तासभर लागतो. इंटरनेटचा वेग मोजला तर तो व्यवस्थित १०० एमबीपीएस भरतो, सिनेमाही न अडखळता चालतो. मग आधी फोनवर संशय जातो, नंतर राउटरवर, आणि शेवटी इंटरनेट कंपनीला सांगून मोठा प्लॅन घेतला जातो. महिन्याचं बिल वाढतं, पण फाइल पूर्वीइतकाच वेळ घेते.

अशा वेळी बहुधा कुठलंच यंत्र बिघडलेलं नसतं. फाइल भलत्याच वाटेने जात असते. तीन हातांवरच्या लॅपटॉपकडे थेट जाण्याऐवजी ती घरातून बाहेर पडते, इंटरनेटवरच्या कुठल्यातरी दूरच्या संगणकापर्यंत पोचते आणि तिथून परत त्याच घरात येते. राउटरमधली एक सेटिंग थेट वाट बंद करते आणि फाइल पाठवणारं अ‍ॅप काही न बोलता लांबची वाट धरतं. या दोन गोष्टी समजल्या की दुखणं कुठे आहे हे घरबसल्या दहा मिनिटांत ओळखता येतं, आणि तेही एक रुपया न खर्चता.

घरातल्या घरात वाट कशी असते

फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असले तरी एरवी ते एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये राउटर असतो. फोन माहितीचा तुकडा राउटरला देतो आणि राउटर तोच तुकडा लॅपटॉपला देतो. या प्रवासात इंटरनेटचा काहीच संबंध नसतो. भिंतीतून आलेली फायबरची तार त्या दिवशी बंद असली, तरी फाइल फोनवरून लॅपटॉपवर जायला हवी.

प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जात असल्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये वायफाय ५ नावाने ओळखली जाणारी पद्धत असते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, दोन अँटेना असलेल्या उपकरणात जोडणीचा कागदावरचा वेग ८६७ एमबीपीएस दिसतो. त्यातला बराच भाग वायफायच्या स्वतःच्या कारभारात जातो आणि उरलेला दोन फेऱ्यांत वाटला जातो. शेवटी हाती सुमारे २०० एमबीपीएस आले तरी ते चांगले म्हणायचे.

इथे एक हिशेब लक्षात ठेवायला हवा. इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ एमबी. या वेगाने २ जीबीचा व्हिडिओ ८० सेकंदांत, म्हणजे दीड मिनिटाच्या आत पोचतो. राउटर जुना असेल, किंवा दोन्ही उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीच्या पट्ट्यावर असतील, तर वेग सेकंदाला चार-पाच एमबीपर्यंत खाली येतो. मग त्याच व्हिडिओला सात-आठ मिनिटं लागतात. हेही हळूच, पण यात चमत्कारिक काही नाही.

तासभर लागणं मात्र या हिशेबात बसत नाही. वायफाय कितीही कमकुवत असलं तरी टेबलावरच्या दोन उपकरणांमध्ये एवढा वेळ लागायचं कारण नाही. २ जीबीला पाऊण तास-तासभर लागत असेल, तर फाइल घराबाहेर जाते आहे अशी शंका घ्यायला पूर्ण जागा आहे.

राउटर दोघांची गाठ का पडू देत नाही

बहुतेक राउटरमध्ये एक सेटिंग असते. कुठे ती `AP Isolation` या नावाने दिसते, कुठे `Client Isolation`, तर कुठे `Wireless Isolation`. ती चालू असली की राउटर प्रत्येक उपकरणाला इंटरनेट देतो, पण एका उपकरणाकडून आलेला तुकडा वायफायवरच्या दुसऱ्या उपकरणाकडे पोचवत नाही. फोनला राउटर दिसतो, लॅपटॉपलाही राउटर दिसतो. फोनला लॅपटॉप मात्र दिसत नाही.

ही सेटिंग वाईट नाही. जिथे एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच वायफाय वापरतात तिथे ती हवीच. लॉजवर, हॉस्टेलवर, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा कॉफीच्या दुकानात आपल्या शेजारी कोण बसलं आहे हे आपल्याला माहीत नसतं. आपल्या लॅपटॉपवर चुकून खुला राहिलेला फोल्डर त्याला दिसू नये, त्याच्या संगणकातला व्हायरस आपल्या संगणकाचं दार ठोठावू नये, म्हणून अशा ठिकाणी व्यवस्थापक मुद्दाम उपकरणं एकमेकांपासून तोडून ठेवतो.

घरात ही सेटिंग शिरते ती बहुधा गेस्ट नेटवर्कच्या वाटेने. राउटर बसवायला आलेला माणूस एक मुख्य नाव आणि एक पाहुण्यांसाठीचं नाव अशी दोन वायफाय तयार करून जातो. पाहुण्यांच्या वायफायवर उपकरणं एकमेकांपासून तोडलेली असतात, कारण त्याचा उद्देशच तो आहे. पुढे कधीतरी मुख्य पासवर्ड आठवत नाही, गेस्टचा सोपा पासवर्ड आठवतो, आणि घरातली निम्मी उपकरणं गेस्टवर जाऊन बसतात. इंटरनेट दोन्हीकडे सारखंच चालत असल्यामुळे वर्ष-वर्ष कुणाच्या ध्यानातही येत नाही.

या सेटिंगची आणखी एक खोड माहीत असली की पुष्कळ गोंधळ टळतो. कित्येक राउटरमध्ये ही बंदी फक्त त्या एका राउटरला वायफायने जोडलेल्या उपकरणांमध्ये असते. लॅपटॉप तारेने जोडला, किंवा घरात दोन ठिकाणी वायफायचे डबे असून फोन एकावर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असला, तर ही बंदी लागू न होता फाइल झपाट्याने जाऊ शकते. म्हणून कधी कधी तक्रार अशी येते, की हॉलमध्ये बसलं की फाइल जात नाही आणि आतल्या खोलीत गेलं की जाते. ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही, पण ते खरं असू शकतं.

अ‍ॅप लांबची वाट कशी धरतं

थेट वाट बंद असेल तर फाइल जायलाच नको. ती जाते, फक्त हळू जाते. हे कसं, ते पाहण्यासाठी सिंकथिंग हा प्रोग्राम घेऊ. तो मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि फोनमधले फोटो आपोआप लॅपटॉपवर उतरवण्यासाठी अनेक जण तो वापरतात. पहिल्यांदा तो २०१३ च्या अखेरीस आला. त्याचा एक गुण आपल्या कामाचा आहे: फाइल कुठल्या वाटेने जाते आहे हे तो पडद्यावर लिहून दाखवतो.

फोन आणि लॅपटॉप या दोन्हींवर सिंकथिंग चालू असेल तर दोघं एकमेकांना आधी घरातच शोधतात. प्रत्येक जण ठरावीक वेळाने वायफायवरच्या सगळ्यांना उद्देशून आपला पत्ता जाहीर करतो. हा संदेश दुसऱ्यापर्यंत पोचला की जोडणी थेट होते. उपकरणं तोडून ठेवणारा राउटर हा संदेशच पुढे जाऊ देत नाही. मग सिंकथिंग इंटरनेटवरच्या नोंदणी सर्व्हरला विचारतं, की माझा जोडीदार कुठे आहे. तिथून उत्तर येतं ते बहुधा घराच्या बाहेरच्या, सार्वजनिक पत्त्यासह, आणि तो पत्ता दोघांचाही एकच असतो. आपल्याच घराच्या बाहेरच्या पत्त्यावर जाऊन पुन्हा आत वळणं अनेक राउटरांना जमत नाही. तेही दार बंद झालं की शेवटचा उपाय उरतो तो रिलेचा.

रिले म्हणजे इंटरनेटवरचा मध्यस्थ संगणक. सिंकथिंगचे सार्वजनिक रिले जगभरातले स्वयंसेवक आपल्या खर्चाने चालवतात. आपला फोन फाइल रिलेकडे चढवतो आणि लॅपटॉप ती रिलेकडून उतरवून घेतो. मजल्यावरच्या शेजाऱ्याला द्यायचा डबा कुरियरने पाठवला आणि तो भिवंडीच्या गोदामातून फिरून समोरच्या दारात आला, असा हा प्रकार आहे. डबा पोचतो, पण वेळ जातो.

वेळ किती जातो ते रिलेवर अवलंबून असतं. रिले चालवणाऱ्याला एका जोडणीला किती वेग द्यायचा आणि सगळ्या जोडण्यांना मिळून किती द्यायचा, यावर मर्यादा घालता येते, आणि फुकट सेवा देणाऱ्याने ती घालणं रास्तच आहे. रिले दुसऱ्या देशात असेल तर जाण्यायेण्याचं अंतर वाढतं. समजा, रिलेवरून सेकंदाला ६०० केबी मिळत आहेत. मग २ जीबीच्या व्हिडिओला सुमारे ५५ मिनिटं लागतील. थेट वाटेवर ज्याला ८० सेकंद पुरले असते, त्याला पाऊण तासाहून जास्त वेळ लागला. यात घरच्या इंटरनेटचा वेग कुठेच आडवा आलेला नाही. म्हणूनच १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला तरी फरक पडत नाही, कारण गळा आवळला गेला आहे तो दूरच्या रिलेवर.

आणखी एक नुकसान सहसा लक्षात येत नाही. तोच व्हिडिओ घरातून एकदा वर जातो आणि एकदा खाली येतो. २ जीबीच्या फाइलसाठी ४ जीबी डेटा खर्च होतो. प्लॅनला महिन्याची मर्यादा असेल, किंवा घरचं वायफाय मोबाइल सिमवर चालणाऱ्या राउटरचं असेल, तर हा खर्च जाणवण्याइतका असतो.

खासगीपणाची काळजी मात्र इथे करायला नको. सिंकथिंगमध्ये फाइलचे तुकडे पाठवणाऱ्या उपकरणावरच कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्या उपकरणावर उघडतात. मधल्या रिलेला कोण कोणाला किती माहिती पाठवतं एवढंच कळतं, आत काय आहे ते कळत नाही.

एका घरातलं उदाहरण

आता तपासणी कशी करायची ते एका उदाहरणातून पाहू. समजा, पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये राउटरचा पत्ता `192.168.1.1` आहे. लॅपटॉपवर विंडोज आहे आणि त्याचा पत्ता `192.168.1.34`. फोन अँड्रॉइड असून त्याचा पत्ता `192.168.1.57`. फोनचा पत्ता त्याच्या वायफायच्या सेटिंगमध्ये, जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टॅप केलं की खाली दिसतो. लॅपटॉपचा पत्ता कमांड प्रॉम्प्टमध्ये `ipconfig` लिहून कळतो.

आधी पत्ते शेजारी शेजारी लिहून पाहा. इथे दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे सारखे आहेत, म्हणजे दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर आहेत. ते वेगळे असते, उदाहरणार्थ एकाचा `192.168.1.34` आणि दुसऱ्याचा `192.168.0.57`, तर गोष्ट वेगळी झाली असती. तिच्याकडे पुढे येऊ.

नंतर सिंकथिंगचं पान उघडा. लॅपटॉपवर ते ब्राउझरमध्ये `127.0.0.1:8384` या पत्त्यावर असतं. उजवीकडे फोनच्या नावावर क्लिक केलं की `Connection Type` अशी ओळ दिसते. तिथे `TCP LAN` किंवा `QUIC LAN` लिहिलं असेल तर वाट घरातलीच आहे आणि मंदपणाचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. आपल्या उदाहरणात तिथे `Relay WAN` लिहिलेलं आहे. म्हणजे फाइल बाहेर फिरून येते आहे, ही शंका खरी ठरली.

आता थेट वाट का बंद आहे ते पाहायचं. फोनचा पडदा चालू ठेवा, म्हणजे तो झोपणार नाही, आणि लॅपटॉपवर एकामागून एक या तीन कमांड द्या.

```
ping 192.168.1.1
ping 192.168.1.57
arp -a
```

पहिली कमांड राउटरला हाक मारते, आणि उत्तर लगेच येतं. दुसरी फोनला हाक मारते. इथे उत्तर येत नाही. उलट `Reply from 192.168.1.34: Destination host unreachable` असं दिसतं. नीट पाहा, यात लिहिलेला पत्ता लॅपटॉपचा स्वतःचाच आहे. म्हणजे लॅपटॉप आपल्यालाच सांगतो आहे, की त्याला फोनचा ठावठिकाणा लागला नाही. एखाद्या उपकरणाला काही पाठवण्याआधी लॅपटॉप नेटवर्कवरच्या सगळ्यांना विचारतो, की `192.168.1.57` हा पत्ता कोणाचा आहे. राउटरने तो प्रश्नच फोनपर्यंत जाऊ दिलेला नाही. तिसरी कमांड लॅपटॉपला माहीत असलेल्या शेजाऱ्यांची यादी दाखवते. त्यात राउटर आहे, फोन नाही.

ही हाक लॅपटॉपवरून फोनकडेच मारावी, उलट दिशेने नको. अँड्रॉइड फोन सहसा अशा हाकेला उत्तर देतो. विंडोजचं फायरवॉल मात्र अनेकदा ती अडवतं, आणि मग चांगल्या नेटवर्कवरही उत्तर न आल्यामुळे आपण राउटरला उगीच दोष देतो.

शेवटची खात्री हवी असेल तर फोनचा मोबाइल डेटा बंद करा, फोनचं हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप त्या हॉटस्पॉटला जोडा. आता मध्ये घरचा राउटर नाही आणि इंटरनेटही नाही. फोन स्वतःच राउटरचं काम करतो आहे. सिंकथिंगमधल्या ओळीत `TCP LAN` आलं आणि फाइल सपाट्याने जायला लागली, तर अ‍ॅप, फोन आणि लॅपटॉप तिन्ही निर्दोष ठरले. उरला राउटर. यासाठी अँड्रॉइड फोनच घ्यावा, कारण आयफोनचं हॉटस्पॉट मोबाइल डेटा बंद ठेवून चालत नाही.

दुरुस्ती

उदाहरणातल्या घरात दोन्ही उपकरणं गेस्ट नेटवर्कवर होती. ती मुख्य वायफायवर आणली की बहुधा काम संपतं. मुख्य वायफायवरही तोच अडथळा दिसला तर ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडून राउटरच्या पानावर जायचं. वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये `AP Isolation` किंवा तिच्या जवळपासचं नाव शोधायचं, समोरची खूण काढायची आणि सेव्ह करायचं. काही राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कच्या पानावर `Allow guests to see each other` अशी वेगळी ओळ असते. सेव्ह केल्यावर वायफाय क्षणभर तुटून परत येतं. सिंकथिंग थेट वाटेचा शोध अधूनमधून घेतच असतं, त्यामुळे मिनिटा-दोन मिनिटांत ते आपणहून रिले सोडतं आणि `Relay WAN` च्या जागी `TCP LAN` दिसू लागतं. पुन्हा जोडणी करायची, अ‍ॅप काढून घालायची गरज पडत नाही.

यानंतर सिंकथिंगच्या `Settings` मधल्या `Connections` या भागात जाऊन दोन्ही उपकरणांवर `Enable Relaying` ची खूण काढून पाहावी. याने वेग वाढत नाही. पण पुढे कधी थेट वाट बंद झाली तर अ‍ॅप गुपचूप हळू चालण्याऐवजी जोडणी तुटल्याचं दाखवेल आणि आपल्याला त्याच दिवशी कळेल. घराबाहेर असतानाही फाइल जायला हवी असेल, तर मात्र रिले चालूच ठेवावा. तो त्याच कामासाठी आहे.

हॉस्टेल, कार्यालय, लॉज यांचं वायफाय आपल्या ताब्यात नसतं, आणि तिथली सेटिंग बदला असं सांगणंही योग्य नाही. ती आपल्याच रक्षणासाठी आहे. तिथे फोनचं हॉटस्पॉट ही तपासणी नसून उपायच होतो. त्यात फाइलची हवेतली एक फेरीही वाचते, कारण फोनकडून लॅपटॉपकडे ती एकाच उडीत जाते. अँड्रॉइड आणि विंडोजमधलं क्विक शेअर, तसंच अ‍ॅपलचं एअरड्रॉप दोन उपकरणांमध्ये स्वतःची थेट जोडणी उभी करू शकतात, त्यामुळे राउटरची बंदी सहसा त्यांच्या आड येत नाही. आणि एकदाच मोठी फाइल द्यायची असेल तर यूएसबी केबलसारखं खात्रीचं दुसरं काही नाही.

दिसायला तसंच, पण कारण वेगळं

रिलेची वाट धरायला लावणारं प्रत्येक वेळी राउटरचं हे तोडून ठेवणंच असतं असं नाही. तीन कारणं त्याच्या इतकी जवळची आहेत की ती ओळखता यायला हवीत.

पहिलं कारण म्हणजे घरात एकामागे एक जोडलेले दोन राउटर. इंटरनेट कंपनीचा डबा हॉलमध्ये असतो, त्याचं वायफाय आत पोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणून आतल्या खोलीत लावलेला असतो, आणि दोन्हींना नाव-पासवर्ड एकच दिलेला असतो. नाव एक असलं तरी नेटवर्क दोन असतात. पत्त्यांचे पहिले तीन आकडे वेगळे दिसतात ते इथे. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो `Access Point` या पद्धतीवर ठेवला की दोन्हींचं मिळून एकच नेटवर्क होतं.

दुसरं कारण विंडोजचं फायरवॉल. लॅपटॉपने घरच्या वायफायला `Public` समजून ठेवलेलं असलं की तो बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवतो. खूण अशी, की फोनला मारलेल्या हाकेचं उत्तर येतं, तरी अ‍ॅप रिलेवरच राहतं. वायफायच्या गुणधर्मात जाऊन नेटवर्क `Private` करावं. हे फक्त घरच्या वायफायसाठी करायचं, बाहेरच्या नाही.

तिसरं कारण फोनवरचं व्हीपीएन. काही व्हीपीएन फोनमधून निघणारं सगळं आपल्या बोगद्यात ओढतात, शेजारच्या लॅपटॉपसाठीचंसुद्धा. व्हीपीएन क्षणभर बंद केलं आणि `TCP LAN` आलं तर उत्तर मिळालं. अनेक व्हीपीएनमध्ये घरातल्या नेटवर्कला सूट देण्याची सोय असते, ती चालू करावी.

सिंकथिंग न वापरता टेलस्केल वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. त्यातही थेट वाट सापडली नाही की माहिती कंपनीच्या रिलेवरून जाते. लॅपटॉपवर `tailscale ping` लिहून पुढे फोनचं नाव दिलं की उत्तरात वाट कळते. उत्तरात `via DERP(blr)` असं काही दिसलं तर आपली फाइल बंगळुरूच्या रिलेवरून फिरते आहे. `via` च्या पुढे `192.168` ने सुरू होणारा घरातला पत्ता दिसला तर वाट थेट आहे.

याउलट लोकलसेंडसारखी अ‍ॅप फक्त घरातल्या नेटवर्कवरच काम करतात, त्यांना रिले नसतो. राउटरने उपकरणं तोडून ठेवली असतील तर तिथे दुसरं उपकरण यादीत दिसतच नाही. वापरणाऱ्याला ते जास्त त्रासाचं वाटतं, पण बिघाड त्याच क्षणी कळतो. रिलेवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये फाइल पोचते आणि म्हणून बिघाड झाकला जातो. मला वाटतं, अशा अ‍ॅपनी रिलेवर गेल्याची खबर कुठल्यातरी आतल्या ओळीत न ठेवता पहिल्याच पडद्यावर, वापरणाऱ्याच्या भाषेत द्यायला हवी: फाइल इंटरनेटवरून जाते आहे, डेटा दुप्पट लागेल. राउटर विकणाऱ्यांनीही गेस्ट नेटवर्कच्या पासवर्डाशेजारी लिहावं, की या वायफायवरची उपकरणं एकमेकांशी बोलू शकणार नाहीत.

ते होईपर्यंत मोठा प्लॅन किंवा नवा राउटर घेण्याआधी आपणच ती एक ओळ उघडून पाहावी. तिथे `LAN` असेल तर राउटरची जागा, पट्टा आणि वय यांचा विचार करायचा. `Relay` असेल तर पैसे खिशातच ठेवून आधी दोन्ही उपकरणांचे पत्ते तपासायचे.